धाराशिवचा ‘जी’ किती?

लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढला की जर्नलमध्ये शेवटी ठरलेली ओळ येते: प्रमाण मूल्य ९.८१, त्रुटी इतके टक्के. धाराशिवमध्ये केलेल्या प्रयोगासाठी ९.८१ हे योग्य मूल्य नाही.

त्यामागचा ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग हा आकडा वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली ठरवून घेतला. तो साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला लागू पडतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिथे तिच्या फिरण्याचा वेगही जास्त, म्हणून तिकडे जावे तसा जी घटतो. १६७२ साली ज्याँ रिशे या फ्रेंच खगोलज्ञाने पॅरिसहून कायेनला नेलेले लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, ते यामुळेच.

धाराशिव शहर १८.२ अंश उत्तरेला आहे. या अक्षांशाला समुद्रसपाटीवरचा जी सूत्राने ९.७८५ येतो. शहर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, त्यापोटी ०.००२ वजा होतात. उरतात ९.७८३. खालच्या खडकांमुळे पडणारा फरक चौथ्या दशांशातला, म्हणजे आपल्या लंबकाला न दिसणारा.

आता समजा, दोऱ्याच्या टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी १ मीटर आहे आणि १०० आंदोलनांना २००.७ सेकंद लागले. जी येतो ९.८०. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद आणि लांबीत १ मिलिमीटर इकडेतिकडे धरले, तर अनिश्चितता सुमारे ०.०२ होते. हे उत्तर ९.८१ ला जास्त जवळ आहे, आणि मोह होतो तो इथेच. उत्तर पाहून जवळचे मूल्य निवडले, तर त्या तुलनेतून काहीच तपासले जात नाही. संदर्भमूल्य लंबक हलवण्याआधीच, जागेवरून ठरवायला हवे. ९.७८३ शी फरक ०.०१७ आहे, तो अनिश्चिततेत बसतो. तेव्हा उत्तर जुळले असे लिहावे. या मापनाने ९.८१ खोटे ठरवता येत नाही, हेही चर्चेत लिहावे.

फरक अनिश्चिततेपेक्षा बराच मोठा निघाला, तर त्याची दिशा पाहावी. ‘हवेच्या विरोधामुळे’ हे कारण सर्रास लिहिले जाते. पण हवेने आवर्तकाल किंचित वाढतो, म्हणजे जी कमी यायला हवा. मोठ्या कोनातून सोडलेल्या लंबकाचेही तेच. ९.८८ असे जास्तीचे उत्तर आले, तर यातले एकही कारण चालत नाही. तेव्हा लांबी पुन्हा मोजावी: २ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याच्या मध्याऐवजी तळापर्यंत मोजले, तर लांबी १ सेंटिमीटरने वाढते आणि जी जवळपास ०.१ ने वर जातो.