यकृतातला अमीबा आणि रक्तातली साक्ष

समजा, पस्तिशीतल्या एका माणसाला चार दिवस ताप आहे, उजव्या बरगडीखाली दुखतंय आणि खोकलं की कळ खांद्यापर्यंत जाते. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात एकच गळू दिसतं. अमीबाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी मात्र निगेटिव्ह येते. मग अमीबा नाहीच का? तसं म्हणता येत नाही. अँटिबॉडी म्हणजे शरीराने जंतूला दिलेलं उत्तर, आणि ते तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून जाणता डॉक्टर मेट्रोनिडॅझोल सुरू करतो आणि आठवड्याने रक्त पुन्हा तपासतो. तेव्हा बहुतेक रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. तरीही निगेटिव्हच राहिली, तर साध्या जिवाणूंच्या गळवाचा शोध घ्यावाच लागतो. शौचाच्या तपासणीचा इथे फारसा आधार नसतो, कारण गळू झालेल्या बहुतेकांच्या शौचात अमीबा सापडतच नाही.

आता दोन वर्षं पुढे जाऊ. हाच माणूस बरा झालाय, पण पोट दुखतं म्हणून कुणी तीच तपासणी करवतं आणि ती पॉझिटिव्ह येते. या अँटिबॉडी कित्येक वर्षं रक्तात टिकतात. त्यामुळे त्या जुन्या आजाराच्या की आजच्या, हे त्या अहवालावरून कळत नाही. आपल्याकडे अमीबाची लागण सर्रास होते, म्हणून केवळ अशा अहवालावर औषधं देणं मला चुकीचं वाटतं. उपचार लागू पडले का, हेही ही तपासणी सांगत नाही. ते उतरलेल्या तापावरून आणि थांबलेल्या दुखण्यावरून ओळखायचं.