हिरव्या कॅसेटच्या पोटात काय आहे?

निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्सवरचा 'पोकेमॉन एमराल्ड' हा गेम जपानमध्ये २००४ साली आणि अमेरिकेत २००५ साली आला. आज त्याची जुनी कार्ट्रिज चांगल्या किमतीला विकली जाते, त्यामुळे नकलाही उदंड. ऑनलाइन घ्यायची, तर परीक्षा फोटोंवरच करावी लागते.

आधी लेबल. फोटो समोरून, झगझगीत प्रकाशात काढला असेल तर त्याचा उपयोग नाही. उजेड तिरका पडला, की अस्सल लेबलवर दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतात, कधी त्यांच्यापुढे एखादे अक्षर. ते शाईचे नसतात, कागदच तिथे किंचित दबलेला असतो. हल्लीच्या नकलांमध्ये हेही जमवलेले असते. म्हणून आकडे नसले तर संशय घ्या, पण दिसले म्हणून लगेच हुरळू नका.

मग कवच. अस्सल कार्ट्रिजचे दोन भाग घट्ट बसतात, कडेला सांध्याची रेघ सरळ जाते. नकलेत एका टोकाला फट किंवा प्लॅस्टिकचा खरबरीत काठ दिसू शकतो. मागचा स्क्रू तीन पात्यांचा हवा. खालच्या फटीतून सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डावर 'निन्टेन्डो' छापलेले दिसते. ते नसेल तर पुढे पाहूच नका.

एमराल्डचे कवच पारदर्शक हिरवे असते, हे आपले नशीब. उजेडासमोर धरले की आतला गोल सेल दिसतो. तो गेममधले घड्याळ चालवतो, सेव्ह केलेला खेळ वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये राहतो. म्हणजे सेल संपला, तरी अस्सल कार्ट्रिजमधला खेळ पुसला जात नाही. फक्त सुरू करताना सेल संपल्याची सूचना येते. गंमत अशी, की पुष्कळ नकलांमध्ये घड्याळच नसल्यामुळे तीच सूचना त्याही दाखवतात, आणि विकणारा म्हणतो, "फक्त सेल गेलाय." अशा वेळी हिरव्या कवचातून सेलच दिसत नसेल, तर गेला तो सेल कुठला?

शेवटचा निकाल बोर्डाचा. अस्सल बोर्डावर चिपा वेगवेगळ्या आणि छापील अक्षरांच्या असतात. नकलेत बऱ्याचदा काळ्या राळेचा गोळा असतो. नव्वदीत टीव्ही गेमची '९९९९ इन १' कॅसेट ज्यांनी स्क्रू काढून उघडली, त्यांना तो गोळा चांगला ओळखीचा असेल. पण अस्सल कवचात नकली बोर्ड बसवता येतो, आणि अस्सल बोर्डावर नवे कवच व लेबलही. म्हणून बाहेरचे आणि आतले फोटो एकाच कार्ट्रिजचे आहेत ना, हे ओरखड्यांवरून ताडून पाहावे.

डिस्कचा प्रश्न सोपा. मधल्या छिद्राभोवतीच्या कड्यावर कारखान्याचे कोरीव क्रमांक असतात, त्यांचा जवळून काढलेला फोटो मागवावा.

कार्ट्रिजसाठी उघड्या बोर्डाचा फोटो मागा, शेजारी तुमचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर पैसे पाठवू नका.