आधी पानं वाटा, मग फोटो वाढवा

डाळिंबावरचा तेल्या रोग संगणकाला ओळखायला शिकवायचाय आणि हाताशी ६० पानांचे मिळून ३०० फोटो आहेत, असं समजा. फिरवून, उलटवून, उजेड कमी-जास्त करून ते १५०० होतात. पण आधी वाढवून मग सरसकट वाटणी केली, तर एकाच पानाची रूपं शिकवणीतही येतात आणि परीक्षेतही. मॉडेल रोगाऐवजी ते पानच लक्षात ठेवतं आणि अचूकता फुगते. म्हणून आधी पानं वाटावीत: ४८ शिकवणीला, १२ परीक्षेला. वाढवायचे ते फक्त शिकवणीचे २४० फोटो.

प्लँटव्हिलेज संग्रहावरच्या २०१६ च्या अभ्यासात एका पानाचे फोटो एकाच गटात ठेवले होते. अचूकता ९९.३५ टक्के आली. वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर मात्र ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. परीक्षेची पानं शक्यतो दुसऱ्याच बागेतली घ्यावीत.