खाणीत दगड किती यावर खाणीची किंमत ठरते?

नाशिकजवळच्या सारूळ परिसरातल्या दगडखाणीचा व्यवहार निघाला की बोलणाऱ्यांचा हिशोब सरळ असतो: पट्ट्यात इतके ब्रास दगड, आजचा भाव इतका, करा गुणाकार. सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच.

एक काल्पनिक खाण घेऊ. पट्ट्याची पाच वर्षं उरलीत, दगड ५० हजार ब्रास, उत्पादन वर्षाला १० हजार. भाव २,५०० रुपये ब्रास, खर्च १,८०० रुपये. ७०० रुपयांच्या फरकाने नफा साडेतीन कोटी दिसतो. पण खर्च जागेवर थांबत नाही. खाण खोल गेली की डंपरचा चढ लांबतो, पावसाळ्यात साचलेलं पाणी उपसावं लागतं आणि लाव्हाच्या दोन थरांमध्ये जाळीदार किंवा लाल मातीसारखा दगड लागला तर तो काढायचा खर्च होतो, विकायला मात्र काहीच मिळत नाही.

खर्च दरवर्षी १० टक्के वाढला तर चौथ्या वर्षी तो सुमारे २,३९६ आणि पाचव्या वर्षी २,६३५ रुपये होतो. म्हणजे शेवटचे १० हजार ब्रास जमिनीत असूनही ‘साठा’ नव्हेत. ते काढणं तोट्याचं आहे. चौथ्या वर्षाअखेर थांबलं आणि पुढचा नफा १२ टक्के दराने आजच्या किमतीत आणला, तर खाण सुमारे १ कोटी ३३ लाखांची ठरते.

दुसरा गैरसमज हिशोब शिकलेल्यांचा: भावाचे तीन अंदाज असतील तर मधला घ्या, काम भागतं. खडी जड, लांब नेणं परवडत नाही, म्हणून तिचा भाव आसपासच्या मागणीवर हलतो. सिंहस्थाची रस्त्यांची कामं असताना एक, ती संपल्यावर दुसरा. ३,००० रुपये भाव धरला तर हीच खाण ३ कोटी ६ लाखांची. २,००० धरला तर दोनच वर्षं चालेल आणि साडेएकोणीस लाखांची. तिन्ही शक्यता सारख्या मानून सरासरी काढली तर येतात १ कोटी ५३ लाख, मधल्या भावाच्या किमतीपेक्षा वीस लाख जास्त.

हे वीस लाख थांबण्याच्या मोकळिकीचे आहेत. पडत्या भावात खाण बंद करता येते, म्हणून तोटा आवरतो आणि चढत्या भावाचा फायदा पूर्ण मिळतो. पुरवठ्याच्या करारामुळे पाचही वर्षं चालवावीच लागली, तर पडत्या भावात ५४ लाखांचा तोटा दिसतो आणि सरासरी १ कोटी २६ लाखांवर येते. म्हणून मूल्यांकनाचा अहवाल हाती आला की मी आधी पडत्या भावाचा तक्ता उघडतो. त्यातही पाचव्या वर्षी पूर्ण उत्पादन दिसत असेल, तर प्रत्येक वर्षी भाव आणि खर्च शेजारीशेजारी ठेवून कुणी पाहिलेलंच नसतं. बंद करण्याचाही खर्च असतो: मशिनरीचे हप्ते, कामगारांची देणी, खड्ड्याचं कुंपण. तो या वीस लाखांतून वजा करावा लागतो.