वर्ण: निमगोरा

ताईच्या बायोडाट्याचे तीन मसुदे अजून माझ्या कपाटात आहेत. 2007 सालचे, सोलापुरात नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेले. पहिल्यात ‘वर्ण: सावळा’ आहे, वडिलांनी कागदावर लिहून दिलं तसं. दोन स्थळांकडून काहीच कळलं नाही म्हटल्यावर दुसऱ्यात ‘गव्हाळ’ झालं. तिसऱ्यात ‘निमगोरा’. सहा महिन्यांत ताई दोन पायऱ्या वर चढली होती; प्रत्यक्षात ती रोज एसटीने कामाला जाऊन उन्हाने आणखी रापली होती. फोटो स्टुडिओवाल्याला तर सांगावंही लागलं नाही. “जरा उजळ करून देतो की, सगळेच घेतात,” म्हणाला.

विठोबा आमच्याच जिल्ह्यातला, त्याच्या सावळेपणाचे दाखले आमच्याकडे सगळेच देतात. मुलगी बघायला जाताना ते कुणाला आठवत नाहीत.

2009 मध्ये माझी पाळी आली. कागद जाऊन संकेतस्थळ आलं होतं. वर्णाच्या रकान्यात अति गोरा ते काळा अशी उतरंड, शरीरयष्टीत सडपातळ, मध्यम, कसलेली, जाड. मी ताईपेक्षा सावळा. स्वतःपुढे ‘गव्हाळ’ निवडलं आणि अपेक्षांमध्ये ‘गोरी’ आणि ‘गव्हाळ’ या दोन्हींवर खूण केली. सडपातळवर केली. मातृभाषा मराठी. शेजारी बसलेली आत्या म्हणाली, “गोरी आण बाबा, पुढची पिढी तरी सुधारेल.” मी हसलो, पण खूण काढली नाही.

त्या मातृभाषेच्या खुणेचं मला पुष्कळ उशिरा वाईट वाटलं. आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची, समोर कानडी बोलणारे. ज्यांच्या अंगणात वाढलो त्या सगळ्यांना मी एका क्लिकमध्ये बाहेर काढलं आणि काही केलंय असंही मला जाणवलं नाही. ‘आपल्यातली’ हा शब्द उच्चारावाही लागला नाही.

या चाळणीची खोट कशात आहे हे तेव्हा कळलं नाही, आता कळतं. बायोडाटा निदान घरात पोचायचा, फोटो हातात धरून कुणीतरी नाक मुरडायचं. चाळणी त्याच्या आधीच काम करते. जी दिसतच नाही तिला नाकारलं असं कुणाला वाटणार? त्यातही गंमत अशी की रंग आपला आपण लिहायचा असतो. सगळे एक-दोन पायऱ्या वर लिहितात, म्हणून ‘गव्हाळ’मध्ये अर्धा महाराष्ट्र मावतो. मग चाळणीत गळतं कोण? जिने खरं लिहिलं ती. ताईने पहिला मसुदा कायम ठेवून संकेतस्थळावर नाव घातलं असतं, तर माझ्यासारख्या मुलाला ती कधी दिसलीच नसती.

संकेतस्थळावरून माझं लग्न काही जमलं नाही. 2016 मध्ये मी पुण्यात होतो आणि फोनवर टिंडर होतं. तिथे तेव्हा वय, अंतर, स्त्री की पुरुष एवढंच ठरवायचं. वर्णाचा रकाना नाही, जात नाही. मला फार मोकळं वाटलं. चाळणी आता अंगठ्यात गेली होती, हे लक्षात यायला चार वर्षं लागली.

जून 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर निदर्शनं चालू होती. त्याच महिन्यात ग्राइंडर या डेटिंग ॲपने वंशाची चाळणी काढत असल्याचं जाहीर केलं. शादी डॉट कॉमवरची वर्णाची चाळणी उत्तर अमेरिकेतल्या भारतीय मुलींच्या डोळ्यांवर आली; एकीने विचारलं तेव्हा आधी उत्तर मिळालं की पालकांनाच ती हवी असते. डॅलसमधल्या दुसरीने ऑनलाइन अर्ज फिरवला, एका दिवसाच्या आत दीड हजारांवर सह्या झाल्या आणि चाळणी गेली. कंपनीचं म्हणणं, ती निकामीच होती, काढायची राहून गेली होती. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’तला ‘फेअर’ही त्याच उन्हाळ्यात गेला आणि ‘ग्लो’ आला. टाळेबंदीत सोलापूरच्या घरी बसून मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवत होतो. ताई माहेरी आलेली. ती म्हणाली, “तुझा फोन आण बघू.”

तिने माझ्या टिंडरवरच्या जुळलेल्या मुलींची यादी खालपर्यंत सरकवली. काही बोलली नाही, फोन परत दिला. मी पुन्हा पाहिली तेव्हा सगळे चेहरे एकाच घरातले वाटले.

मग एक वही केली. नियम साधा: डावीकडे सरकवण्याआधी कारण थोडक्यात लिहायचं. शंभर प्रोफाइल होईपर्यंत थांबायचं नाही. ‘धूम्रपान’, ‘लांब राहते’, ‘काहीच लिहिलेलं नाही’ ही कारणं लगेच सुचली. पण पानोपानी एक कारण येत राहिलं: ‘टाइप नाही’. ते आलं की मी फोटो झाकून नुसता मजकूर वाचायचो. बऱ्याचदा मजकुराशी माझं काही भांडण नसायचं. दुसरी पडताळणी अशी, की हीच नोकरी, हेच विनोद, हेच हसू दोन छटा उजळ चेहऱ्यावर असतं तर अंगठा कुठे गेला असता? याचं उत्तर मनात लगेच येतं, म्हणून ते ताबडतोब लिहावं लागतं. मिनिटभर गेलं की सबब तयार होते.

या वहीला एक मर्यादा आहे. ॲप आपल्या होकार-नकारांवरून शिकतं आणि तशाच चेहऱ्यांची रांग लावतं. म्हणजे मी शंभर तपासले ते माझ्याच चार वर्षांच्या सवयीने आधी निवडून ठेवलेले. म्हणून जुनं खातं काढून नवं उघडलं आणि पहिले पंधरा दिवस वय सोडून काहीच ठरवलं नाही.

पण खरी खोच वहीच्या मागच्या पानावर निघाली. तिथे मी आजवर ज्या ज्या मुलींसाठी जीव खरंच तुटला त्यांची नावं लिहिली. कॉलेजातली, क्लासमधली, पहिल्या नोकरीतली. पाच नावं. एकही माझ्या 2009 च्या चाळणीतून पार झाली नसती. दोघींची मातृभाषा तेलुगू. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ईस्टविक आणि फिंकेल यांनी 2008 मध्ये विद्यार्थ्यांच्या झटपट भेटी घडवून नेमकं हेच पाहिलं होतं: दिसणं आणि कमाई आपल्याला किती महत्त्वाची हे माणूस आधी जे सांगतो, त्यावरून समोरासमोर त्याला कोण आवडेल याचा अंदाज बांधता येत नाही. उलट्या बाजूचा पुरावा 2014 मध्ये ओकेक्युपिड या डेटिंग संकेतस्थळाच्या ख्रिश्चन रडर यांनी दिला. पाच वर्षांत तिथल्या लोकांची वंशाबद्दलची उत्तरं उदार होत गेली, पण ॲपवर कुणाला किती पसंती मिळते ते जवळपास तसंच राहिलं. समोरासमोर आवाज असतो, विनोद असतो, रोजची सवय होते. फोटोसमोर अर्धा सेकंद असतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात आत्या बोलते.

मित्र म्हणाला, आवड ती आवड, तिच्यावर जबरदस्ती कशी करणार? बरोबर आहे. मीही एक चूक केली. वहीच्या भरात एका सावळ्या मुलीला भेटलो आणि तिला सांगूनही टाकलं की मी स्वतःची आवड तपासतोय. तिने चहा संपवला आणि म्हणाली, “म्हणजे मी तुमचा गृहपाठ?” चाळणी काढणं माझ्या हातात आहे, काढल्यावर जी आली तिला पुरावा म्हणून वापरायचं नसतं. ‘मला डस्कीच आवडतात’ म्हणणाऱ्यांचंही तसंच, तीही खूणच आहे, फक्त दुसऱ्या चौकटीत.

रंगाचं गणित मला थोडंफार उलगडलं. शरीरयष्टीचं नाही. वहीत ‘जाड’ हा शब्द मी एकदाही लिहिलेला नाही. ‘फिटनेसची आवड जुळत नाही’ असं अकरा वेळा आहे. मी स्वतः शेवटचा धावलो तो सोलापूर स्टेशनवर, सुटणारी इंटरसिटी पकडायला. ताईने ते पान वाचलं तेव्हा पेन घेऊन समासात फक्त ‘निमगोरा’ लिहिलं.