ग्राहकांचे गट पाडताना: के-मीन्स, हायरार्किकल आणि फसवा सिल्हूट स्कोअर

हाताशी काय आहे

सरावासाठी यूसीआयच्या संग्रहातला ‘ऑनलाइन रिटेल’ हा डेटासेट घेऊ. ब्रिटनमधल्या भेटवस्तूंच्या एका ऑनलाइन दुकानाचे डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०११ या काळातले व्यवहार त्यात आहेत. क्रमांक नोंदलेले ग्राहक सुमारे ४,३७० आहेत. प्रत्येकासाठी तीन गोष्टी काढायच्या: शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वी झाली, एकूण किती वेळा झाली आणि किती पौंडांची झाली. यातले बरेच ग्राहक घाऊक व्यापारी आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कोणती पद्धत घ्यावी

हायरार्किकल पद्धतीत प्रत्येक ग्राहकाचे दुसऱ्या प्रत्येकापासूनचे अंतर लागते. इथे अशा जोड्या सुमारे ९५ लाख होतात, आणि साधा लॅपटॉपही त्या पेलतो. ग्राहक एक लाख झाले की जोड्या ५०० कोटींवर जातात आणि मेमरी संपते. के-मीन्सला ही अडचण नाही, पण गट किती हवेत हे त्याला आधी सांगावे लागते. शिवाय उद्या आलेला नवा ग्राहक के-मीन्समध्ये सरळ जवळच्या केंद्राच्या गटात टाकता येतो. हायरार्किकलमध्ये तशी तयार सोय नाही.

म्हणून मी दोन्ही वापरतो. हजारभर ग्राहकांचा नमुना घेऊन वॉर्ड पद्धतीने डेंड्रोग्राम काढायचा, मोठ्या फांद्या कुठे फुटतात ते पाहायचे आणि मग तेवढ्या गटांसह सगळ्यांवर के-मीन्स चालवायचे. वॉर्डचाही रोख गटातला विखुरलेपणा कमी ठेवण्यावरच असतो, त्यामुळे ही जोडी जमते.

सिल्हूट कुठे फसवतो

पीटर रूसो यांनी १९८७ मध्ये मांडलेले हे माप असे आहे:

```
s = (b - a) / max(a, b)
```

`a` म्हणजे आपल्या गटातल्या इतरांपासूनचे सरासरी अंतर, `b` म्हणजे सर्वांत जवळच्या परक्या गटापासूनचे. उत्तर -१ ते १ यांच्या दरम्यान येते.

आता समजा, फक्त खर्चावर दोन गट पाडले: ९९० किरकोळ ग्राहक आणि १० बडे घाऊक व्यापारी. एका किरकोळ ग्राहकाचे `a` ५०० पौंड आणि `b` ५०,००० पौंड असेल, तर त्याचा स्कोअर ०.९९ येतो. बाकीच्या किरकोळ ग्राहकांचेही साधारण तसेच, त्यामुळे सरासरी झकास दिसते. पण ९९० जणांना एकाच पोत्यात भरले आहे. विक्री विभागाला यातून काहीच नवे कळत नाही.

यावर उपाय म्हणजे खर्च आणि खरेदीची संख्या यांचा लॉग घेऊन मग तिन्ही स्तंभ एका मापावर आणायचे. त्यानंतर स्कोअर बराच उतरतो, त्याने घाबरू नये. ग्राहक सलग पसरलेले असतात, त्यांच्यात स्वच्छ दऱ्या क्वचितच सापडतात.

`silhouette_samples` ने प्रत्येक ग्राहकाचा स्कोअर गटवार पाहावा. एखाद्या गटात ऋण आकडे खूप असतील, तर ते ग्राहक शेजारच्या गटाला अधिक जवळचे आहेत. तिथे गटांची संख्या एकाने कमी-जास्त करून पुन्हा पाहावे.