मल्टिमीटर म्हणतो बॅटरी ठीक, मग वीस मिनिटांत अंधार का?

मागच्या भागात मी सांगितलं होतं की गावाकडच्या इन्व्हर्टरची गोष्ट एकदा निवांत सांगेन. आज तीच. बऱ्याच जणांनी आकडे लिहून मागितले होते, म्हणून हा भाग थोडा नीटनेटका करून इथे टाकतेय.

आमचं घर सोलापूर जिल्ह्यात. मे महिना, रात्री लाईट जाते, आजीच्या खोलीत पंखा हवाच. इन्व्हर्टरला १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे, म्हणजे ॲसिड-पाण्याची, वर सहा बुचं असलेली. दोन पंखे आणि दोन ट्यूब यांवर ती पूर्वी पाच-सहा तास आरामात चालायची. या वर्षी वीस मिनिटांत इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. बाबा दुकानात गेले. दुकानदाराने मल्टिमीटर लावला, १२.४ व्होल्ट आले. “बॅटरी ओके आहे काका, लोड कमी करा.” वॉरंटीचे चार महिने उरले होते. एकदा ते संपले की पंधरा-सोळा हजार आपल्याच खिशातून जाणार.

मी शनिवारी घरी पोचले आणि अडीचशे रुपयांचा हायड्रोमीटर घेऊन आले. खरी गोष्ट त्याने सांगितली.

हायड्रोमीटर नेमकं काय मोजतो?

बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे एका डब्यात शेजारी शेजारी बसवलेले सहा वेगळे सेल. प्रत्येकाचं ॲसिड वेगळं, प्रत्येकाला वर स्वतःचं बूच. बॅटरी वापरली जाते तेव्हा ॲसिडमधला सल्फेट शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे उरणारं द्रावण पाण्यासारखं पातळ होतं. चार्ज केलं की तोच सल्फेट परत ॲसिडमध्ये येतो आणि द्रावण जड होतं. म्हणजे द्रावण किती जड आहे हे कळलं, की तो सेल किती भरलाय हे कळतं.

या जडपणाला शाळेत आपण विशिष्ट गुरुत्व म्हणायचो, बॅटरीवाले नुसतं ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात. पाण्याची १.०००. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरली की साधारण १.२४०, आणि दुकानात बोलताना तिला ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. रिकामी झाली की ती १.१५० च्या खाली जाते. एक गंमत लक्षात ठेवा. स्वस्त हायड्रोमीटरवर हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतात आणि ते बहुतेकदा गाडीच्या बॅटरीसाठी असतात. गाडीची बॅटरी भरली की १.२६५ ते १.२८० दाखवते. त्यामुळे आपली धडधाकट ट्युब्युलर तिथे ‘अर्धवट’ दिसू शकते. रंग सोडा, आकडा वाचा.

रीडिंग कसं घ्यायचं

आधी इन्व्हर्टर बंद करा आणि त्याचा प्लग काढा. चष्मा किंवा गॉगल, रबरी हातमोजे, जुने कपडे. खिडकी उघडी, आसपास उदबत्ती किंवा काडेपेटी नको, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. शेजारी पाण्याची बादली आणि थोडा खायचा सोडा ठेवा. अंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी, फरशीवर पडला तर सोडा.

बूच काढा, हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबा, नळी ॲसिडमध्ये बुडवा आणि फुगा हळू सोडा. दोन-तीनदा ओढून परत सोडा, म्हणजे सॅम्पल नीट मिसळतं. मग हायड्रोमीटर उभा धरा. आतला फ्लोट मोकळा तरंगला पाहिजे, काचेला चिकटला तर आकडा चुकतो. डोळे द्रावणाच्या पातळीला आणून वाचा. आणि ॲसिड ज्या सेलमधून काढलं त्याच सेलमध्ये परत सोडा. हे चुकलं तर एकाचं ॲसिड दुसऱ्यात जातं आणि तुम्हीच असमानता तयार करता.

प्लस टर्मिनलच्या बाजूने एक ते सहा नंबर द्या आणि वहीत लिहा.

पहिल्या दिवशी दोन संशयित

शनिवारी सकाळचे माझे आकडे असे होते:

१.२३५, १.१९०, १.२४०, १.१५०, १.२४०, १.२३५

दुसरा आणि चौथा सेल पडलेले. मी घाबरले. तेवढ्यात बाबा म्हणाले, “अगं, दोन नंबरमध्ये पाणी फार कमी होतं, काल संध्याकाळी मीच डिस्टिल्ड वॉटर घातलं.” आणि रात्रभर लाईट नव्हती, म्हणजे चार्जिंगच झालं नाही.

इथेच बहुतेकांची फसगत होते. वरून घातलेलं पाणी हलकं असतं, ते वरच तरंगत राहतं, आणि हायड्रोमीटर वरूनच ओढतो. ते खाली मिसळायला चार्जिंगचे बुडबुडे लागतात. म्हणजे मी ॲसिड मोजत नव्हते, कालचं पाणी मोजत होते. उलटंही होतं. पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहतं, म्हणून पातळी खाली गेलेल्या सेलचा आकडा उगाच चांगला दिसतो. त्यामुळे क्रम पक्का: आधी सगळ्यांत पाणी सारखं करा, मग पूर्ण चार्ज, मग चार-पाच तास विश्रांती, आणि मगच रीडिंग.

उष्णतेचंही बोलून टाकते. हे आकडे २७ अंश सेल्सिअसला धरलेले असतात. बॅटरी ३७ अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात ०.००७ मिळवा. पण सहाही सेल सारखेच तापलेले असतात, म्हणून त्यांची आपापसातली तुलना बदलत नाही. आणि आपल्याला तीच हवी आहे.

रविवारी, चार्जिंग आणि विश्रांतीनंतर, दुरुस्ती धरून आकडे आले:

१.२४०, १.२३५, १.२४०, १.१५५, १.२४०, १.२३५

दोन नंबर निर्दोष सुटला. चार नंबर तिथेच. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत ०.०८५ चा फरक. ढोबळ नियम असा की पूर्ण चार्जनंतर फरक ०.०५० च्या वर असेल तर त्या सेलमध्ये गडबड आहे. सगळेच सेल सारखे खाली असते, समजा सगळे १.२००, तर दोष बॅटरीचा नसून चार्जिंग पुरेसं होत नाही असा अर्थ निघाला असता.

मग मल्टिमीटर खोटं बोलला का?

नाही, त्याने बेरीज सांगितली. विश्रांती घेतलेल्या सेलचं व्होल्टेज ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक ०.८४ असतं. चांगला सेल २.०८, आमचा चौथा १.९९५. सहाही चांगले असते तर १२.४८ आले असते, आमचे येतात १२.३९ च्या आसपास. फरक एक दशांश व्होल्टहूनही कमी! ऑफिसात आम्ही सर्व्हरचा सरासरी वेग बघून खूश होतो आणि त्यात एक रडणारा सर्व्हर लपलेला असतो, अगदी तसंच.

लोड आला की मात्र लपणं संपतं. सेल एकापुढे एक जोडलेले, त्यामुळे सगळ्यांमधून करंट सारखाच जातो. चौथ्यात माल कमी, तो आधी रिकामा होतो. बाकीचे पाच अजून दोन-दोन व्होल्ट देतायत, म्हणजे दहा, आणि चौथा अर्ध्या व्होल्टवर कोसळलाय. बेरीज १०.५. इन्व्हर्टर साधारण याच आकड्याला बॅटरी संपली असं समजून बंद होतो. पाच सेल जवळपास भरलेले असताना घरात अंधार. शिवाय चार्जर तरी बेरीजच बघतो. चौथ्याने त्याचा वाटा घेतला नाही की तो भार बाकीच्या पाचांवर पडतो, ते जास्त उकळतात, त्यांचं पाणी भराभर उडतं.

अशक्त की निकामी?

आमच्या ओळखीच्या एका काकांनी उपाय सुचवला, “चार नंबरमध्ये थोडं ॲसिड टाक, आकडा वर येईल.” आकडा येईल, पण सेल भरणार नाही. हरवलेला सल्फेट प्लेटांवर बसलाय, वरून नवीन ॲसिड ओतलं तर फक्त हायड्रोमीटर फसतो आणि प्लेटा लवकर खराब होतात. सेल खरंच सांडला असेल तरच ॲसिडचा विषय, तोही बॅटरीवाल्याकडून.

बरोबर उपाय म्हणजे सावकाश, लांब चार्जिंग. गल्लीतल्या बॅटरीवाल्या दादांनी सात-आठ अँपिअरवर लावली आणि दर तासाला रीडिंग घेतलं. सलग तीनदा आकडा हलला नाही तेव्हा थांबवलं. नुसता अर्धवट चार्ज राहिलेला सेल यात वर येतो. आमचे पाच १.२४५ च्या आसपास गेले, चौथा १.१६० ला अडकला. शिवाय पाच सेलांत बुडबुडे येत होते, चौथा गप्प.

शेवटची परीक्षा: बॅटरी सगळ्या वायरींपासून सोडवून दोन दिवस तशीच ठेवली. पाच सेल जवळपास तिथेच राहिले, चौथा १.१३५ वर आला. लोड नसताना एकटाच सेल रिकामा होतोय म्हणजे त्याच्या आत प्लेटांमध्ये शॉर्ट आहे, तो स्वतःलाच खातोय. यावर घरगुती इलाज नाही.

तारीखवार आकड्यांची वही घेऊन बाबा पुन्हा दुकानात गेले. या वेळी मल्टिमीटरवर गोष्ट संपली नाही. दुकानदाराने स्वतः हायड्रोमीटर लावला, चौथ्याशी थांबला, आणि वॉरंटीचा फॉर्म काढला. उरलेल्या मुदतीच्या हिशोबाने नवीन बॅटरीवर सूट मिळाली.

आता बाबा दर तीन महिन्यांनी सहा आकडे वहीत लिहितात आणि मला फोटो पाठवतात. मी आधी कुठला आकडा किती हे बघतच नाही, सहांमध्ये कोण वेगळा पडतोय तेवढं बघते.

तुमच्या घरच्या बॅटरीचे सहा आकडे घेतलेत तर पाठवा. फक्त पाणी कधी घातलं होतं तेही लिहा, नाहीतर मी उगाच दोन नंबरवर संशय घेईन. भेटू पुढच्या भागात!